विसावा कामगार

एखाद्या छोट्या कारखान्यात एकोणीस माणसे कामाला आहेत, प्रत्येकाचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिन्याला 15,000 रुपये आहे, आणि कामाचा रेटा वाढल्यामुळे मालकाला आणखी एक माणूस हवा आहे. या विसाव्या माणसाचा खर्च किती? वरवर पाहता 15,000. पण तो मस्टरवर चढला की कारखाना भविष्य निर्वाह निधीच्या, म्हणजे पीएफच्या कायद्याखाली येतो आणि मालकाला एकट्या विसाव्याचा नव्हे, वीसही जणांचा पीएफ भरावा लागतो. मालकाचा वाटा 12 टक्के, त्यावर विमा योजनेचा अर्धा टक्का आणि प्रशासकीय खर्चाचा अर्धा टक्का. एकूण 13 टक्के. तीन लाखांच्या पगारावर ही रक्कम 39,000 रुपये होते. म्हणजे विसावा माणूस महिन्याला 54,000 रुपयांना पडतो.

हा हिशेब भोसरीच्या वर्कशॉपवाल्याला समजतो, इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याला समजतो आणि त्यांचे कागद सांभाळणाऱ्या सल्लागाराला तर तोंडपाठ असतो. म्हणूनच मस्टरवर एकोणीस नावे असलेले कारखाने दिसतात आणि आतल्या यंत्रांवर मात्र पंचवीस माणसे उभी असतात.

भारतात संघटित क्षेत्रातल्या कामगारासाठी दोन मोठ्या योजना आहेत. पीएफ म्हातारपणासाठी आणि राज्य कामगार विमा, म्हणजे सगळे ज्याला ईएसआय म्हणतात तो, आजारपण, बाळंतपण आणि कामावरच्या अपघातासाठी. दोन्ही योजनांच्या दारात दोन चाळण्या आहेत. पहिली माणसांच्या संख्येची: पीएफसाठी 20, ईएसआयसाठी 10. दुसरी पगाराची: पीएफसाठी 15,000, ईएसआयसाठी 21,000. पहिल्या चाळणीत कारखाना तपासला जातो, दुसऱ्यात माणूस. आत जायचे तर दोन्हींतून पार व्हावे लागते.

संख्येची रेषा आखली गेली तेव्हा तिला कारण होते. पीएफचा कायदा 1952 चा. सुरुवातीला तो मोजक्या सहा उद्योगांतल्या, पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांनाच लागू होता. 1960 मध्ये पन्नासाचे वीस झाले. प्रत्येक कामगाराचे खाते हाताने लिहायचे, चलने बँकेत भरायची आणि निरीक्षकाने दारोदार जाऊन वह्या तपासायच्या, असा तो काळ होता. चार माणसांच्या दुकानापर्यंत सरकार पोहोचूच शकत नव्हते. ईएसआयचेही तसेच. कायदा 1948 चा, योजना 1952 मध्ये कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली ती विजेवर चालणाऱ्या, वीस किंवा अधिक कामगारांच्या बारमाही कारखान्यांसाठी. पुढे ही रेषा दहावर आली. महाराष्ट्रात मात्र दुकाने आणि हॉटेले यांच्यासाठी ती बराच काळ वीसवरच राहिली होती.

21 नोव्हेंबर 2025 पासून देशात सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिने काही जुन्या भिंती पाडल्या. पीएफ कोणकोणत्या उद्योगांना लागू, याची परिशिष्टातली यादी गेली आणि धोकादायक कामांत एकच माणूस असला तरी ईएसआय लागू करण्याची सोय आली. पण सर्वसाधारण कारखान्यासाठी आणि दुकानासाठी दहा आणि वीस हे आकडे तसेच आहेत. सत्तर वर्षांत वह्या जाऊन संगणक आले, प्रत्येक कामगाराला बारा आकडी यूएएन क्रमांक मिळाला, पगाराची माहिती दर महिन्याला एका फाइलीत भरता येऊ लागली. रेषेमागचे मूळ कारण बरेचसे संपले आणि रेषा तेवढी राहिली.

तिच्याबाहेर किती जण राहतात याचा अंदाज सहाव्या आर्थिक गणनेवरून येतो. 2013-14 च्या त्या गणनेत देशात सुमारे 5 कोटी 85 लाख आस्थापना आणि त्यांत काम करणारी 13 कोटींवर माणसे मोजली गेली. त्यांतल्या साडेपंचाण्णव टक्के आस्थापनांत एक ते पाच माणसे होती. दहा किंवा त्याहून जास्त माणसांच्या आस्थापना दीड टक्काही नव्हत्या. यांतली बरीचशी घरच्याच माणसांची दुकाने आहेत हे खरे. पण किराणा दुकानातला पोऱ्या, गॅरेजमधला मेकॅनिक, शिवणकामाच्या गाळ्यातली बाई, छोट्या दवाखान्यातली आया हे सगळे पगारी नोकर आहेत आणि त्यांच्या मालकाने कायद्याचा काना-मात्रा पाळला तरी ते पीएफ आणि ईएसआयच्या बाहेरच राहतात. त्यांच्या बाबतीत कोणी कायदा मोडलेला नाही.

जिथे तो मोडला जातो तिथे पद्धती ठरलेल्या आहेत. सर्वांत जुनी म्हणजे धंद्याची वाटणी. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी या यंत्रमागांच्या गावांत एकाच शेडमधले माग नवरा, बायको, भाऊ आणि मुलगा यांच्या नावावर वेगवेगळे दाखवण्याची रीत सर्वांना माहीत आहे. चार नावे, चार वीजमीटर, प्रत्येकाकडे आठ-आठ कामगार. दरवाजा एक, मुकादम एक, कापड घेणारा व्यापारीही एकच. कायद्याला ही वाटणी मान्य नाही. आस्थापनेचे विभाग आणि शाखा वेगवेगळ्या ठिकाणी असल्या तरी त्या एकच समजाव्यात, असे पीएफचा कायदा सांगतो. सर्वोच्च न्यायालयापुढे 2011 मध्ये आलेल्या दिल्लीच्या एका प्रकरणात दोन कंपन्या कागदावर वेगळ्या होत्या, पण कार्यालयाचा पत्ता एक, टेलिफोन एक आणि संचालक एकाच घरातले. न्यायालयाने दोन्ही एकत्र धरून पीएफ लागू केला. निकाल स्पष्ट आहे. मात्र तिथवर पोहोचायला कोणीतरी तक्रार करावी लागते, आणि मागावर उभ्या असलेल्या कामगाराला उद्याही त्याच मागावर उभे राहायचे असते.

दुसरी पद्धत मोजणीतली. संख्या मोजताना तात्पुरती, रोजंदारीवरची आणि ठेकेदाराने आणलेली माणसेही धरायची असतात. पगाराच्या मर्यादेपेक्षा जास्त कमावणारा मॅनेजरसुद्धा डोके म्हणून मोजला जातो. पण नियमानुसार नोंदलेला शिकाऊ उमेदवार मोजला जात नाही. मग तीन-तीन वर्षे लेथ चालवणारा कुशल कामगार पगारपत्रकावर ‘ट्रेनी’ राहतो. कुणाला पगार रोखीत मिळतो आणि त्याचे नाव कुठेच नसते. यातली एक गोष्ट मालक सहसा सांगत नाहीत: आस्थापना एकदा कायद्याखाली आली की पुढे माणसे कमी झाली तरी ती बाहेर पडत नाही. आज बारा जण उरलेत म्हणून पीएफ बंद केला, हे कारण कायद्यात बसत नाही.

सगळा दोष मालकावर टाकून प्रश्न सुटत नाही, हेही नमूद करायला हवे. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या साखळीत मोठी कंपनी पहिल्या पुरवठादाराला दर ठरवून देते, तो दुसऱ्याला देतो, दुसरा तिसऱ्याला. भोसरीच्या गाळ्यातला जॉबवर्कवाला बहुधा या साखळीच्या शेवटी असतो. त्याला मिळणाऱ्या दरात 13 टक्के कुठेच धरलेले नसतात. शेजारच्या गाळ्यात पीएफ नसेल आणि याने भरला, तर पुढची ऑर्डर शेजारी जाते. कामगारही अनेकदा ‘कापू नका, हातात द्या’ म्हणतो. 15,000 मधून त्याचा स्वतःचा 12 टक्के वाटा म्हणजे 1,800 रुपये जातात, आणि खोलीचे भाडे आणि गावी पाठवायचे पैसे त्याच पगारातून निघायचे असतात. त्याचे म्हणणे समजण्यासारखे आहे. पण त्या 1,800 सोबत मालकाचेही 1,800 येतात, नोकरीत असताना मृत्यू आला तर घरच्यांना विमा मिळतो आणि दहा वर्षे भरल्यावर पेन्शनचा हक्क येतो, हे त्याला सहसा कोणी समजावून सांगत नाही. एकोणीस जणांच्या कारखान्यात घालवलेली नऊ वर्षे या दहा वर्षांत धरली जात नाहीत.

आता दुसरी चाळणी. पगाराची मर्यादा कमी उत्पन्नाच्या माणसाला आधी संरक्षण मिळावे म्हणून आली. पीएफची मर्यादा 1952 मध्ये 300 रुपये होती. ती वाढत वाढत 2001 मध्ये 6,500 आणि सप्टेंबर 2014 मध्ये 15,000 झाली. ईएसआयची मर्यादा जानेवारी 2017 मध्ये 21,000 झाली. 2025 सरेपर्यंत दोन्ही आकडे तिथेच होते. दरम्यान किमान वेतन मात्र महागाईबरोबर वर सरकत राहिले. दिल्लीत एप्रिल 2025 पासून अकुशल कामगाराचे किमान वेतन 18,456 आणि कुशल कामगाराचे 22,411 रुपये झाले. म्हणजे दिल्लीत कायद्याने देता येणारा कुशल माणसाचा सर्वांत कमी पगारही ईएसआयच्या मर्यादेबाहेर आहे. सरकारच्या एका हाताने ठरवलेला किमान पगार घेणारा माणूस दुसऱ्या हाताच्या हिशेबात विम्याची गरज नसलेला ठरतो.

दोन्ही मर्यादा सारख्या चालत नाहीत. पीएफमध्ये माणूस एकदा सदस्य झाला की नंतर पगार कितीही वाढला तरी तो सदस्य राहतो. सक्तीची कपात फक्त 15,000 वर थांबते. बाहेर राहतो तो नवा माणूस, ज्याचा नोकरीला लागतानाच पीएफसाठीचा पगार 15,000 च्या वर आहे आणि जो आधी कधी सदस्य नव्हता. रुजू होताना भरायच्या फॉर्म 11 मध्ये ‘यापूर्वी पीएफचे सदस्य होता का’ असा प्रश्न असतो. छोट्या कंपन्यांत हा फॉर्म बहुतेक वेळा ऑफिसातला क्लार्क भरतो आणि कामगार शेवटी सही करतो. आधीच्या नोकरीत पीएफ असूनही तिथे ‘नाही’ लिहिले गेले, तर ज्याला आत असण्याचा हक्क आहे तो बाहेर पडतो.

ईएसआयची मर्यादा याहून कठोर आहे. ती ओलांडली की माणूस आणि त्याचे सगळे कुटुंब बाहेर. एका फिटरचे गणित मांडून पाहू. त्याचा पगार 20,800. मालक ईएसआयचे सव्वातीन टक्के म्हणजे 676 रुपये भरतो, फिटरचे पाऊण टक्का म्हणजे 156 रुपये कापले जातात. जुलैमध्ये त्याला 800 रुपयांची वाढ मिळते आणि पगार 21,600 होतो. विम्याचे वर्ष एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च अशा दोन भागांत चालते आणि मध्येच मर्यादा ओलांडली तरी तो भाग संपेपर्यंत वर्गणी चालू राहते. म्हणून सप्टेंबरपर्यंत काही बदलत नाही. त्या सहामाहीच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनपर्यंत लाभ मिळतात. त्यानंतर कार्ड निरुपयोगी.

ऑक्टोबरपासूनचे आकडे पाहा. मालकाचा या फिटरवरचा खर्च पूर्वी पगार आणि वर्गणी धरून 21,476 होता. आता 21,600 आहे. 800 रुपयांची वाढ त्याला 124 रुपयांत पडली. फिटरच्या हातात पूर्वी 20,644 पडत होते, आता 21,600 पडतात, म्हणजे 956 रुपये जास्त. वाढीचे पेढे वाटले जातात. पण बायकोचे ऑपरेशन, आईची डायलिसिस, मुलाचा दवाखाना हे सगळे जूननंतर त्या 956 रुपयांतून भागवायचे असते. मालकाने फसवले नाही, फिटरने चूक केली नाही. मर्यादाच अशी आखली आहे. एक बारकावा कामगारांनी लक्षात ठेवावा: 21,000 ची मर्यादा ठरवताना ओव्हरटाइम धरत नाहीत. ओव्हरटाइममुळे पगार वर गेला म्हणून कोणी नाव काढत असेल, तर ते चूक आहे.

यावर कोणी म्हणेल की आता महात्मा फुले योजना आहे, आयुष्मान कार्ड आहे. इस्पितळाच्या बिलापुरते ते खरे आहे. पण आजारी माणूस घरी पडला तर पगार कोण देणार? ईएसआयमध्ये पुरेशी वर्गणी भरलेल्या कामगाराला आजारपणात वर्षाला 91 दिवस पगाराच्या 70 टक्के रक्कम मिळते. इस्पितळाचे कोणतेही कार्ड बुडालेला रोज भरून देत नाही.

रेषेच्या आत आणि बाहेर असण्यातला फरक सर्वांत जास्त कळतो तो अपघातात. पॉवर प्रेसवर काम करणाऱ्या तीस वर्षांच्या, 16,000 पगाराच्या कामगाराची दोन बोटे गेली असे समजू. कायद्याच्या परिशिष्टात एका हाताची दोन बोटे जाणे म्हणजे कमाईची क्षमता 20 टक्के जाणे. कामगार ईएसआयमध्ये असेल, तर बरे होईपर्यंत पगाराच्या 90 टक्के आणि नंतर त्या 90 टक्क्यांच्या 20 टक्के, म्हणजे महिन्याला साधारण 2,900 रुपये, आयुष्यभर. अपघातासाठी किती महिने वर्गणी भरली हे विचारले जात नाही. कामाचा पहिला दिवस असला तरी चालते. पैसे महामंडळ देते, मालकाशी भांडावे लागत नाही.

हाच कामगार आठ जणांच्या वर्कशॉपमधला असेल, तर त्याच्यासाठी भरपाईची वेगळी तरतूद आहे, मूळ 1923 च्या कायद्यातली, आणि तिला माणसांच्या संख्येची अट नाही. तिच्या सूत्रात पगार जास्तीत जास्त 15,000 धरतात, त्याचे 60 टक्के, गुणिले वयानुसार ठरलेला 207.98 हा आकडा, आणि त्याचे 20 टक्के. उत्तर येते सुमारे पावणेचार लाख रुपये. कागदावर ही रक्कम लहान नाही. पण ती द्यायची मालकाने स्वतःच्या खिशातून, आणि दोन प्रेसच्या भाड्याच्या गाळ्यात ती असतेच असे नाही. दावा आयुक्तांपुढे लावावा लागतो आणि तिथे सिद्ध करायची पहिली गोष्ट म्हणजे आपण इथे कामाला होतो. ज्याचे नाव मस्टरवर नाही त्याचे बहुतेक वेळा इथेच अडते. इस्पितळाचे बिल, वर दहा-वीस हजार आणि गावी जाणारे तिकीट, यावर अशी कितीतरी प्रकरणे मिटवली जातात. आणि जिथे ईएसआय लागू आहे तिथेही सगळे सुरळीत नसते. हरियाणा आणि पुणे परिसरातल्या वाहन उद्योगात जखमी कामगारांबरोबर काम करणाऱ्या ‘सेफ इन इंडिया’ या संस्थेच्या अहवालांत पुन्हा पुन्हा आढळते की अनेकांचे ईएसआय कार्ड अपघात झाल्यानंतर काढले गेले.

ही रेषा खाली आणता येत नाही असे मुळीच नाही. थायलंडने 1990 मध्ये कायदा करून सुरुवात वीस कामगारांच्या आस्थापनांपासूनच केली. 1993 मध्ये तिथे ती रेषा दहावर आली आणि 2002 मध्ये एकावर. श्रीलंकेचा भविष्य निधी 1958 च्या कायद्यापासूनच एक कामगार ठेवणाऱ्यालाही लागू आहे. आपल्याकडे मालक आणि बहुसंख्य कामगार तयार असतील तर संख्या कमी असूनही स्वेच्छेने सामील होण्याची वाट कायद्यात आहे, पण ज्याला शेजारच्या गाळ्याशी दरात स्पर्धा करायची आहे तो एकटा त्या वाटेने जाणार नाही. नियम सर्वांना एकाच दिवशी लागू झाला तरच दरात वर्गणी धरली जाते. निदान कामावरच्या अपघाताच्या विम्याला संख्येची अट नसावी, कारण पॉवर प्रेस आठ जणांच्या गाळ्यातही तितक्याच जोराने खाली येतो. आणि पगाराची मर्यादा वर्गणी किती कापायची यासाठी असावी, माणसाला बाहेर काढण्यासाठी नसावी. पीएफमध्ये जुन्या सदस्यासाठी ती आजही तशीच चालते.

तोवर वाचकांपैकी कोणी, किंवा त्यांच्या ओळखीचे कोणी, अशा ठिकाणी कामाला असेल तर एवढे माहीत असू द्या. ज्या कारखान्यात खरोखर दहा माणसे आहेत तिथला, पगाराच्या मर्यादेतला कामगार ईएसआयचा हक्कदार आहे, मालकाने नोंदणी केली असो वा नसो. मालकाने वर्गणी बुडवली म्हणून हक्क बुडत नाही. महामंडळ लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. त्यासाठी लागतो तो कामावर असल्याचा पुरावा. बँकेत जमा झालेला पगार, गेटपास, हजेरीच्या पानाचा फोटो, सुपरवायझरचे ‘उद्या दुसऱ्या पाळीला ये’ असे व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप, यांतले काहीही चालते. ते आजपासून जपून ठेवा आणि पहिल्या पगाराच्या दिवशीच आपला यूएएन आणि ईएसआयचा क्रमांक मागा.